डबी मेली, डिस्क जिवंत: यूएसबी हार्ड डिस्कमधल्या कुलूपबंद फायली

टेबलावर ठेवायची, स्वतःचा वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क उघडली, तर आत काही जादू नसते. डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये बसते तीच साडेतीन इंची साटा डिस्क असते आणि तिच्या टोकाला बोटाएवढा एक छोटा बोर्ड खोचलेला असतो. डिस्कला साटाची भाषा कळते, लॅपटॉपला यूएसबीची. दोघांच्या मधे हा बोर्ड दुभाषाचं काम करतो. त्याला ब्रिज बोर्ड म्हणतात. डबी बंद पडते तेव्हा बऱ्याचदा हा बोर्डच गेलेला असतो आणि डिस्क धडधाकट असते. वायर ओढली जाऊन यूएसबीचं सॉकेट उखडतं, चुकीच्या व्होल्टेजचा अ‍ॅडॉप्टर लागतो किंवा पावसाळ्यात बोर्डाला दमट हवा बाधते.

मग कुणीही जाणकार सांगेल ते आपणही करतो. डिस्क डबीतून काढायची, थेट कॉम्प्युटरच्या साटा पोर्टला लावायची आणि फायली कॉपी करून घ्यायच्या. पुष्कळ डब्यांच्या बाबतीत हे खरोखर एवढं सोपं असतं. पण काही डब्यांच्या बाबतीत विंडोज ती डिस्क ओळखते, आकारही बरोबर सांगते आणि वर म्हणते की डिस्क कोरी आहे, `Initialize` करा. नेमक्या याच ठिकाणी माणसं आपला डेटा कायमचा घालवतात, म्हणून हा लेख.

वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक आणि माय पासपोर्ट मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांमध्ये ब्रिज बोर्ड नुसता दुभाषा नसतो. लॅपटॉपकडून आलेला प्रत्येक बाइट तो एईएस पद्धतीने कूटबद्ध करून डिस्कवर लिहितो आणि वाचताना पुन्हा उलगडून देतो. तुम्ही पासवर्ड ठेवला असो वा नसो, हे कायम चालू असतं. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. सगळा डेटा आधीपासून कूटबद्ध असला, की पुढे कधी पासवर्ड लावायचा झाल्यास एक टेराबाइट पुन्हा लिहीत बसावं लागत नाही. फक्त किल्लीवर पासवर्डचं आवरण चढवायचं, की काम झालं. पण ज्याने आयुष्यात कधी पासवर्ड लावला नाही, त्याच्याही फायली त्या बोर्डाविना वाचता येत नाहीत. हे ग्राहकाला खोक्यावर ठळक अक्षरांत सांगायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपली वस्तू कुलूपबंद आहे, हे मालकाला कुलूप मोडल्यावर कळता कामा नये.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. लग्नाचे फोटो काढणारा एक छायाचित्रकार आहे. त्याच्याकडे एक टेराबाइटची, यूएसबी 3.0 ची अशी एक डबी आहे. वायरीत पाय अडकून डबी खाली येते, सॉकेट बोर्डाच्या कपच्यासकट निघतं आणि त्याच्या खालचे तांब्याचे बारीक मार्ग फाटतात. ओळखीच्या दुकानात डिस्क काढून थेट जोडली जाते, `Initialize` वर क्लिक होतं, तरी काहीच दिसत नाही. मग फायली शोधणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालतं. सकाळी स्क्रीनवर शंभरेक जेपीईजी फायली असतात आणि त्यातली एकही उघडत नाही. "दादा, डेटा उडालाय," असा निकाल लागतो.

डेटा उडालेला नसतो. त्या शंभर फायली कुठून आल्या हे पाहिलं, की निदान निम्मं होतं. असं सॉफ्टवेअर प्रत्येक सेक्टरच्या सुरुवातीला ओळखीच्या खुणा शोधतं. जेपीईजी फाइल `FF D8 FF` या तीन बाइट्सनी सुरू होते. एक टेराबाइटच्या डिस्कवर 1,95,35,25,168 सेक्टर असतात. त्यांत पूर्णपणे विस्कटलेला, यादृच्छिक दिसणारा मजकूर भरला, तर तीन बाइट्सची कुठलीही ठरावीक जुळणी सरासरी 1,67,77,216 सेक्टरांमागे एकदा योगायोगानेच सापडते. भागाकार करून पाहा, उत्तर 116 येतं. डिस्क अर्धवट रिकामी असेल तर आणखी कमी. म्हणजे सापडलेले फोटो हे फोटो नव्हतेच. हजारो फोटो असलेल्या डिस्कवर मूठभर, तेही सगळेच्या सगळे मोडके सापडावेत, ही कूटबद्ध डेटाची ठळक खूण आहे.

दुसरी खूण त्याहून पक्की आहे आणि ती डोळ्यांनी दिसते. डिस्कचा असा भाग पाहायचा जो रिकामा असण्याची शक्यता आहे, म्हणजे साधारण शेवटाकडचा. लिनक्सवर ही आज्ञा डिस्कवर काहीही न लिहिता फक्त वाचते:

```
sudo hexdump -C -v -s 900G -n 64 /dev/sdb
```

साध्या डिस्कवर इथे शून्यांच्या ओळी दिसतील. कूटबद्ध डिस्कवर रिकाम्या जागीही अर्थहीन आकडे दिसतात, पण एका ओळीतले सोळा बाइट्स दुसऱ्या ओळीत जसेच्या तसे, तिसरीत तेच, चौथीत तेच. कारण या डब्यांमधल्या एका मोठ्या गटात एईएसची सगळ्यात साधी पद्धत वापरली आहे. तिचं नाव ईसीबी. सोळा बाइट्सचा तुकडा घ्यायचा, किल्लीने बदलायचा, पुढचा तुकडा घ्यायचा. आधीच्या तुकड्याचा किंवा जागेचा पुढच्यावर काही परिणाम नाही. त्यामुळे सोळा शून्यं कुठेही असली, तरी त्यांचं रूपांतर प्रत्येक वेळी एकच. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही उणीव आहे, पण आपल्यासाठी ती निदानाची सोय आहे. डिस्क खरोखर खराब होऊन कचरा वाचत असती, तर अशी शिस्तबद्ध पुनरावृत्ती दिसली नसती.

इथेच आणखी एक शक्यता बाजूला काढायला हवी, कारण लक्षण तेच दिसतं आणि इलाज अगदी वेगळा आहे. काही डब्या काहीही कूटबद्ध करत नाहीत. त्या डिस्कचे 512 बाइट्सचे आठ सेक्टर एकत्र करून लॅपटॉपला 4096 बाइट्सचा एक सेक्टर म्हणून दाखवतात. डबी गेली, की डिस्क पुन्हा 512 चे सेक्टर दाखवते आणि विभागणीच्या तक्त्यातले सगळे पत्ते चुकतात. तक्त्यात पार्टिशन 256 व्या सेक्टरवर सुरू होतं असं लिहिलेलं असेल, तर ते खरं 256 गुणिले 8, म्हणजे 2048 व्या सेक्टरवर असतं. विंडोज याही डिस्कला कोरी किंवा बिघडलेली म्हणते. पण तिचे बाइट्स पाहिले तर `NTFS`, फायलींची नावं, वाचता येणारे शब्द दिसतात, आणि फायली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरलाही उघडणारे फोटो मिळतात. शब्द दिसले तर कुलूप नाही, फक्त पत्ता चुकलेला आहे. हे काम बरंच सोपं आहे, त्यामुळे त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

आपल्या छायाचित्रकाराच्या डिस्कवर शब्द नाहीत, पुनरावृत्ती आहे. म्हणजे कुलूप. आता पहिला प्रश्न बोर्डाचा. बोर्ड दुरुस्त होत असेल तर बाकी सगळे उपाय त्याच्यापुढे फिके आहेत. नुसतं सॉकेट निघालेलं असेल आणि मार्ग शाबूत असतील, तर मोबाइलचे चार्जिंग सॉकेट बदलणारा चांगला कारागीर ते पुन्हा बसवू शकतो. बोर्डाला वीज मिळाली आणि चिप जागी झाली, की ती स्वतःच सगळं उलगडून देते. म्हणूनच मेलेला बोर्ड कधीही फेकू नये आणि दुकानात डिस्क देताना तोही सोबत द्यावा. मला सगळ्यात जास्त हळहळ याच गोष्टीची वाटते, की डबी फोडल्यावर डिस्क जपून ठेवतात आणि बोर्ड प्लास्टिकबरोबर कचऱ्यात जातो.

दुसरा मार्ग तसाच बोर्ड शोधण्याचा. इथे डब्याचं नाव नाही, बोर्डावरच्या मोठ्या चिपवरचं नाव जुळायला हवं. एकाच नावाने विकलेल्या डब्यांमध्ये वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप होत्या. जेमायक्रॉनची `JMS538S`, सिमवेव्हची `SW6316`, इनिशिओची `INIC-1607E` अशी नावं भिंगाने स्पष्ट वाचता येतात. प्रत्येकीची किल्ली ठेवायची पद्धत निराळी आहे. त्यामुळे दिसायला सारखा पण वेगळ्या चिपचा बोर्ड लावला, तर त्याला डिस्क कोरी वाटते, आणि अशा वेळी स्क्रीनवर येणाऱ्या कुठल्याही पुसण्याच्या किंवा नव्याने तयार करण्याच्या प्रस्तावाला होकार दिला तर जुनी किल्लीच जाऊ शकते. दुसरा बोर्ड मूळ डिस्कला लावण्याआधी तिची संपूर्ण प्रत काढून ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन.

धरून चालू की बोर्ड वाचत नाही, जोडीचा बोर्ड मिळत नाही, पण चिपवर `JMS538S` वाचता येतं. आता तिसरा मार्ग, आणि तो शक्य झाला तो तीन संशोधकांमुळे. गुन्नार अलेंडाल, ख्रिश्चन किसोन आणि `modg` या टोपणनावाने लिहिणारा तिसरा, यांनी 2015 मध्ये या डब्यांची आतून चिरफाड करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा उद्देश या डब्यांची सुरक्षा किती कच्ची आहे हे दाखवण्याचा होता. पण त्यांनी जे उघड केलं, त्याच्या आधारावर अनेकांना आपल्याच फायली परत मिळाल्या.

गोष्ट अशी आहे. डेटा ज्या किल्लीने बंद केला जातो, ती 256 बिटांची किल्ली प्रत्येक डबीची वेगळी असते. पण ती किल्ली डिस्कवरच असते. डिस्कच्या शेवटी, लॅपटॉपला एरवी न दाखवलेल्या पट्ट्यात, एका सेक्टरमध्ये ती ठेवलेली असते. (डबीतून दिसणारा आकार सुट्या डिस्कच्या आकारापेक्षा थोडा कमी असतो तो यामुळेच.) जेमायक्रॉनच्या डब्यांत या सेक्टरच्या सुरुवातीला `WDv1` ही चार अक्षरं उघडी लिहिलेली असतात, म्हणून तो सापडतो. आतली किल्ली मात्र उघडी नसते, ती दुसऱ्या एका किल्लीत गुंडाळलेली असते.

ही दुसरी किल्ली कुठून येते, यावर सगळं अवलंबून आहे. पासवर्ड लावलेला असेल, तर ती पासवर्डमधून तयार होते. पासवर्डला `WDC.` ही चार अक्षरं जोडून त्यावर एसएचए-256 ही क्रिया एक हजार वेळा करतात. पासवर्ड माहीत असेल तर प्रश्न नाही, विसरला असेल तर अंदाज करत बसण्याखेरीज उपाय नाही. पण पासवर्ड कधी लावलाच नसेल, तर या चिपमध्ये दुसरी किल्ली ठरलेली, सगळ्या डब्यांना एकच असते. तिचे पहिले सोळा बाइट्स असे आहेत:

```
03 14 15 92 65 35 89 79 32 38 46 26 43 38 32 79
```

शाळेत गणित शिकलेल्या कुणालाही हे आकडे ओळखू येतील. ही पायची किंमत आहे. या किल्लीने तो सेक्टर उलगडला आणि आत `DEK1` ही अक्षरं दिसली, की किल्ली बरोबर लागली. `DEK1` दिसलं नाही, तर पासवर्ड लावलेला आहे किंवा सेक्टर चुकीचा आहे.

हे सगळं हाताने करावं लागत नाही. `reallymine` नावाचं मोफत आणि मुक्त साधन वर सांगितलेल्या चिप ओळखतं, किल्लीचा सेक्टर शोधतं आणि डिस्क उलगडून देतं. पण ते मूळ डिस्कवर चालवायचं नाही. आधी डिस्कची सेक्टर-न-सेक्टर प्रत एका फाइलमध्ये घ्यायची. त्यासाठी `ddrescue` वापरतात, कारण पडलेल्या डिस्कमध्ये खराब सेक्टर निघाले तर ते वगळून ते पुढे जातं आणि नंतर पुन्हा त्यांच्याकडे येतं. पूर्ण क्रम एवढाच:

```
sudo ddrescue -d /dev/sdb disk.img disk.map
reallymine getdek disk.img
reallymine decrypt disk.img out.img
```

पहिल्या ओळीतलं `/dev/sdb` हे नाव आपल्या कॉम्प्युटरवर नक्की कुठल्या डिस्कचं आहे, ते आकार पाहून खात्री करून घ्यायचं. दुसरी ओळ फक्त किल्ली शोधून दाखवते, आणि तिला किल्ली मिळाली तरच तिसरीकडे जायचं. एक टेराबाइटची प्रत आणि एक टेराबाइटची उलगडलेली फाइल, म्हणजे हाताशी दोन टेराबाइटपेक्षा जास्त मोकळी जागा हवी. निरोगी डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वेगाने वाचली तर प्रत काढायला सुमारे पावणेतीन तास लागतात, आणि उलगडायला साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ धरावा. प्रत काढताना वेग काही किलोबाइटवर आला किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर तिथेच थांबायचं. मग प्रश्न बोर्डाचा राहिलेला नाही, आतल्या वाचणाऱ्या टोकांचा आहे, आणि ते काम स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेचं.

उलगडलेल्या फाइलच्या पहिल्या सेक्टरच्या शेवटी `55 AA` आणि पार्टिशनच्या सुरुवातीला `NTFS` हे शब्द दिसले, की काम जमलं. आपल्या उदाहरणात मात्र पहिला सेक्टर कचरा निघतो. याचं कारण दुकानात झालेलं ते `Initialize`. विंडोजने जीपीटी तक्ता थेट डिस्कवर, म्हणजे कूटबद्ध न करता लिहिला. पहिले 34 सेक्टर आणि अगदी शेवटचे 33 सेक्टर त्यात गेले. उलगडताना ते उघडे सेक्टरही उलगडले गेले आणि त्यांचा चुथडा झाला. सुदैवाने मूळ पार्टिशन 2048 व्या सेक्टरपासून सुरू होत होतं आणि किल्लीचा सेक्टर शेवटच्या 33 च्या बराच अलीकडे होता, म्हणून दोन्ही बचावले. हरवला तो फक्त पार्टिशन कुठे आहे हे सांगणारा तक्ता. `testdisk` हे साधन उलगडलेल्या फाइलवर चालवलं, की ते एनटीएफएसची सुरुवात शोधून तक्ता पुन्हा उभा करतं, आणि फोल्डर नावांसकट समोर येतात.

याच जागी दुकानदाराने एक पाऊल पुढे टाकून क्विक फॉरमॅट केलं असतं, तर गोष्ट बिघडली असती. एनटीएफएस आपली फायलींची मुख्य यादी बहुधा पार्टिशनच्या सुरुवातीपासून तीन गिगाबाइटवर ठेवतं. नवं फॉरमॅटही आपली कोरी यादी तिथेच, किंवा अगदी शेजारी लिहितं, आणि जुन्या यादीची पहिली पानं नेमकी त्याखाली जातात. फोटो तसेच राहतात, पण बऱ्याच फायलींची नावं आणि फोल्डर जाऊ शकतात. पूर्ण फॉरमॅट केलं तर विंडोज सगळी डिस्क शून्यांनी भरते. त्यानंतर किल्ली असून उपयोग नाही.

हा मार्ग सगळ्या डब्यांना लागू पडत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. नंतरच्या काही मॉडेलांत कूटबद्ध करण्याचं काम ब्रिजऐवजी डिस्कचा स्वतःचा बोर्ड करतो. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डब्यांमध्ये बऱ्याचदा वेगळा ब्रिज बोर्ड नसतोच. यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच मुख्य बोर्डावर डाखलेलं असतं, त्यामुळे काढून साटाला लावायला काही उरत नाही. तिथे कारागीर बोर्डावरच्या चाचणीच्या ठिपक्यांना बारीक तारा डाखून साटा बाहेर काढतात, किंवा जुळणारा साटाचा बोर्ड आणून त्यावर मूळ बोर्डावरची छोटी रॉम चिप बसवतात. ती रॉम हलवावीच लागते, कारण त्या डिस्कच्या टोकांची खास मोजमापं तिच्यात असतात. परक्या रॉमने डिस्क बहुधा सुरूच होत नाही. हे भिंगाखालचं आणि गरम हवेच्या सोल्डरिंगचं काम आहे, ते घरी करून पाहू नये.

दुकानात डिस्क देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, "डिस्कवर काही लिहिण्याआधी तुम्ही तिची प्रत काढता का?" दुसरा, "डबी स्वतः कूटबद्ध करणारी असेल तर ते कसं ओळखता?" दुसऱ्या प्रश्नाला समोरच्याने बोर्ड पाहायला मागितला, तर माणूस जाणकार आहे. त्याने सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं आणि बोर्डाबद्दल विचारलंच नाही, तर डिस्क परत घ्यावी.

फायली मिळाल्यावर त्या नव्या डिस्कवर कॉपी कराव्यात आणि नुसती नावं पाहून समाधान मानू नये. प्रत्येक फोल्डरमधल्या काही मोठ्या फायली, विशेषतः व्हिडिओ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात. `disk.map` या फाइलमध्ये वाचता न आलेल्या सेक्टरांची नोंद असते. ती यादी रिकामी असेल तर फारशी चिंता नाही, नसेल तर खराब सेक्टरांमध्ये नेमक्या कुठल्या फायली आल्या हे शोधून त्या वेगळ्या काढाव्यात. हे सगळं होईपर्यंत मूळ डिस्क आणि तिचा मोडका बोर्ड एकाच पाकिटात, काहीही न पुसता ठेवावेत.